‘हे कोणीही लिहिलं असतं’ असा मसुदा कसा सुधारायचा

आधी एक परिच्छेद वाचा. प्रौढ वयात पोहायला शिकलेल्या माझ्या एका सहकारी बाईंनी आपल्या अनुभवावर लेख लिहिला होता, त्याच्या पहिल्या मसुद्यातला हा तुकडा. त्यांच्या परवानगीने देतो आहे.

> प्रौढ वयात पोहायला शिकणे हा एक आव्हानात्मक पण समृद्ध करणारा अनुभव आहे. सुरुवातीच्या काळात अनेक प्रौढ व्यक्तींना पाण्याची मोठ्या प्रमाणात भीती वाटत असते. मात्र योग्य मार्गदर्शन, नियमित सराव आणि आत्मविश्वास यांच्या जोरावर या भीतीवर मात करता येते. श्वासावर योग्य नियंत्रण मिळवणे हा पोहणे शिकण्यातील अत्यंत महत्त्वाचा टप्पा आहे. संयम आणि चिकाटीने सराव केल्यास प्रत्येकालाच हळूहळू स्वतःची प्रगती जाणवू लागते. पोहणे हा केवळ व्यायाम नाही, तर स्वतःवर विश्वास ठेवायला शिकवणारा प्रवास आहे.

शुद्धलेखनाची चूक नाही, व्याकरण ठीक, विधानंही खरी आहेत. तरीही हे लिहिणारी बाई कधी पाण्यात उतरली होती की नाही, याचा पत्ता लागत नाही. आणि ती तर महिनोन्‌महिने उतरत होती! हा परिच्छेद माणसाने लिहिल्यासारखा वाटावा म्हणून नेमकं काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं आणि कुठे हात आवरायचा, ते आपण याच सहा वाक्यांवर करून पाहू.

पहिली पायरी: ‘कोणीही’ची खूण

मसुदा छापून घ्या किंवा पडद्यावर मोठ्या अक्षरांत उघडा. प्रत्येक वाक्यापाशी थांबून एकच प्रश्न विचारा: हे वाक्य लिहायला या विषयाचा अनुभव लागतो का? लागत नसेल तर समासात ‘को’ लिहा. ‘को’ म्हणजे कोणीही.

वरच्या परिच्छेदात सहाच्या सहा वाक्यांना ‘को’ मिळतो. त्यातही आणखी एक गंमत आहे. ‘पोहायला’च्या जागी ‘चित्र काढायला’ किंवा ‘गाडी चालवायला’ घाला आणि ‘पाण्याची भीती’ऐवजी नुसती ‘भीती’, ‘व्यायाम’ऐवजी ‘छंद’ ठेवा. चौथं वाक्य सोडलं तर बाकी सगळी वाक्यं जशीच्या तशी चालतात. विषय बदलला तरी वाक्य मोडत नसेल, तर ते त्या विषयाबद्दल काहीच सांगत नाही, असं समजायला हरकत नाही.

पण खूण पडली म्हणून वाक्य लगेच खोडू नका, हे नवशिक्यांना मुद्दाम सांगायला हवं. काही ‘को’ वाक्यांच्या खाली काहीतरी पुरलेलं असतं. लिहिणाऱ्याला तिथे खरंच काही सांगायचं होतं, पण सांगण्याऐवजी त्याने त्यावर झाकण ठेवलं. आपल्या परिच्छेदात असं वाक्य चौथं आहे: श्वासावर नियंत्रण. हे विषयाला धरून असलेलं एकमेव वाक्य. ‘अत्यंत महत्त्वाचा टप्पा’ असं लिहिताना बाईंच्या डोळ्यांसमोर काहीतरी नक्की असणार. ते काय, हे बाहेर काढायचं.

अशी वाक्यं ओळखायची एक सोपी खूण म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात उमटणारा प्रश्न. ‘समृद्ध करणारा अनुभव आहे’ हे वाचून कोणी काही विचारत नाही, मान डोलावून पुढे जातो. ‘श्वासावर नियंत्रण मिळवणे’ वाचल्यावर मात्र ‘म्हणजे काय करायचं?’ असा प्रश्न येतो. जिथे ‘म्हणजे काय?’ किंवा ‘ते कसं काय?’ असं विचारावंसं वाटतं, तिथे प्रसंगाला जागा आहे. बाकी ठिकाणी नाही. एका लहान लेखात अशा एक-दोन जागा सापडल्या तरी पुष्कळ झाल्या. प्रत्येक परिच्छेदाला एक आठवण जोडली की लेख पुन्हा साच्यात जातो, फक्त साचा वेगळा.

दुसरी पायरी: आठवणी काढणं, लिहिणं नंतर

इथे बहुतेक जण घाई करतात. जागा सापडली की लगेच वाक्य सुधारायला बसतात, आणि ‘श्वासावर नियंत्रण’ याऐवजी ‘श्वास आणि पाणी यांचं अनोखं नातं’ असं काहीतरी येऊन बसतं. शब्द बदलले, माल तोच. त्यामुळे मसुदा बंद करा. वेगळा कागद घ्या आणि त्या एका जागेबद्दल जे आठवेल ते तुटक-तुटक लिहून काढा. पूर्ण वाक्यं नकोत, क्रम नको, चांगलं-वाईट ठरवू नका.

नुसतं ‘आठव’ म्हटल्याने आठवत नाही, म्हणून प्रश्न लागतात. मी बाईंना असे प्रश्न विचारले: तुम्ही उभ्या कुठे होतात? हात कुठे होते? पाणी कुठपर्यंत होतं? कोण काय म्हणालं? त्या वेळी तुमची काय समजूत होती, आणि ती चुकीची आहे हे कशावरून कळलं? या यादीतला शेवटचा प्रश्न सगळ्यांत जास्त देतो. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न मी टाळतो, कारण त्याला ‘खूप छान वाटलं’ किंवा ‘भीती वाटली’ यापलीकडे उत्तर येत नाही. हातांचं, पायांचं, जागेचं विचारलं की वाटणं आपोआप मागून येतं.

बाईंच्या कागदावर जे आलं ते साधारण असं होतं:

> पाणी छातीपर्यंत. शिडी धरलेली, सोडायची नाही. क्लोरीनचा वास, घरी गेल्यावरही केसांना. चष्म्यावर वाफ. टोपी घट्ट, केस ओढले जायचे. मनात चार मोजून वर. दम लागायचा, वाटायचं वय झालं. सर म्हणाले, बुडबुडे कुठायत. मी श्वास धरून ठेवत होते. सोडायचा पाण्यात, हे माहीतच नव्हतं. शेजारच्या पट्ट्यात एक लहान मुलगी, माशासारखी. कानात पाणी. शिडी सुटायला खूप दिवस लागले.

आठवण पुसट झाली असेल तर त्या काळातले फोटो, मित्रमैत्रिणींना पाठवलेले निरोप, वहीतल्या नोंदी उघडून पाहा. जुन्या निरोपांमध्ये त्या वेळची भाषा जशीच्या तशी सापडते आणि ती आजच्या आठवणीपेक्षा भरवशाची असते. काळ गेला की आपण आठवणीला नकळत आकार देतो. प्रत्येक गोष्टीतून काहीतरी शिकलो असं वाटू लागतं. त्या दिवशीच्या निरोपात मात्र ‘आज काहीच जमलं नाही, पाय दुखतायत’ एवढंच असतं. लेखाला हेच हवं असतं.

तिसरी पायरी: तपशील निवडणं

कागदावर आलेला सगळा ऐवज लेखात ओतला तर वाचणारा गुदमरेल. तपशील खरा आहे, एवढ्याने तो लेखात बसायला लायक ठरत नाही. त्याने काम केलं पाहिजे. कसोटी सोपी आहे: तपशील काढून टाका आणि बघा, मुद्दा समजायला काही अडचण येते का, किंवा माणूस थोडा कमी दिसतो का. दोन्ही होत नसेल तर तो गेला तरी चालतो.

इथे मुद्दा श्वासाचा आहे. ‘पाणी छातीपर्यंत’ हवं, कारण त्यातून कळतं की बुडण्याचा खरा धोका नव्हता, तरी हात शिडीवर होता. शिडी हवी, भीती हा शब्द न वापरता ती भीती दाखवते. मनात चारपर्यंत मोजणं हवं, कारण श्वास किती वेळ धरला जात होता ते त्यातून दिसतं. बुडबुडे तर हवेतच, अख्खा प्रसंग त्यांच्यावर उभा आहे. टोपी, चष्मा, कानातलं पाणी यांचा श्वासाशी संबंध नाही, ते गेले. क्लोरीनच्या वासाबद्दल बाई थोड्या हळहळल्या. पण पोहण्याच्या तलावावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण क्लोरीनचा वास लिहितो. अपेक्षित तपशील हा तपशील असूनही ‘को’च असतो.

त्या लहान मुलीवरून आमची खरी चर्चा झाली. बाईंना ती ठेवायची होती: ‘तिच्याकडे पाहून मला धीर आला’, असं काहीतरी. मी विचारलं, खरंच आला होता का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, “नाही हो, उलट रागच यायचा.” हा राग मजेशीर आहे, खरा आहे, आणि कदाचित दुसऱ्या एखाद्या परिच्छेदात बसेल. पण धीर देणारी मुलगी ही तयार कपाटातून काढलेली होती. अनोळखी लहान मूल, वृद्ध गृहस्थ, रिक्षावाला असं कोणीतरी येतं आणि लेखकाला आयुष्याचा धडा देऊन जातं, हा ठोकळा इतका वापरला गेलाय की खऱ्या प्रसंगात तो आला तरी खोटा वाटतो.

आकड्यांबद्दलही थोडं. ‘बराच वेळ’ऐवजी ‘चारपर्यंत’ चांगलं, कारण माणूस मोजत होता. पण प्रत्येक ठिकाणी आकडा टाकला तर लेख हिशेबाची वही होतो. आकडा तिथेच द्या जिथे त्या क्षणी तुम्ही खरंच मोजत होतात.

चौथी पायरी: प्रसंग लिहिणं

आता मसुदा पुन्हा उघडा. तीन गोष्टी सांभाळायच्या.

पहिली: घोषणा करू नका. ‘यासंदर्भात मला एक प्रसंग आठवतो’ हे वाक्य काढलं तर लेखाचं काहीही बिघडत नाही. सरळ प्रसंगात शिरा, शक्यतो मधूनच. बाईंनी तलावावर जायचं कसं ठरवलं, नाव कधी नोंदवलं, तिथे कशा पोहोचल्या, यातलं काही सांगायची गरज नव्हती.

दुसरी: प्रसंगाच्या शेवटी तात्पर्य चिकटवू नका. ‘या अनुभवातून मला कळले की संयम किती महत्त्वाचा असतो’ असं लिहिलं की वाचणाऱ्याने स्वतःहून काढलेला अर्थ त्याच्या हातातून हिसकावून घेतल्यासारखं होतं. त्याऐवजी वापरता येण्यासारखी माहिती द्या. श्वास कसा सोडायचा, हे सांगा.

तिसरी गोष्ट संवादाची, आणि इथे प्रामाणिकपणाचा प्रश्न येतो. अवतरणचिन्हात तेच शब्द घाला जे तुम्हाला पक्के आठवतात. बाईंना ‘बुडबुडे कुठायत’ हे स्वच्छ आठवत होतं, कारण त्या वेळी त्यांना त्याचा अर्थच कळला नव्हता. त्यानंतर प्रशिक्षकांनी बरंच समजावलं, पण ते शब्द आठवत नव्हते. म्हणून ते त्यांच्या तोंडी न घालता साध्या निवेदनात सांगितलं. लांबलचक, नीटनेटका, पूर्ण वाक्यांतला संवाद वाचला की चाणाक्ष वाचकाला शंका येतेच. वर्षापूर्वीचं बोलणं इतकं कोणाला आठवतं?

इतकं करून परिच्छेद असा झाला:

> पहिल्या काही दिवसांत मला वाटायचं, आपला दमच कमी पडतोय. छातीभर पाण्यात उभं राहायचं, एका हाताने शिडी घट्ट धरायची, तोंड पाण्यात घालून मनात चारपर्यंत मोजायचं आणि धापा टाकत वर यायचं. प्रशिक्षकांनी दोन-तीनदा पाहिलं आणि विचारलं, ‘तुमचे बुडबुडे कुठायत?’ बुडबुडे नव्हतेच. मी श्वास छातीत कोंडून धरत होते, त्यामुळे वर आल्यावर त्या एवढ्याशा वेळात आधी जुना श्वास सोडायचा आणि मग नवा घ्यायचा, अशी दुहेरी कसरत चालायची. श्वास सोडायचा तो पाण्यातच, नाकातून, सावकाश. तोंड वर आलं की फक्त घ्यायचा. हे जमायला लागल्यावर शिडीवरचा हात आपोआप सैल झाला, असं मात्र नाही. तो सुटायला आणखी बराच काळ लागला.

पोहायला शिकणाऱ्या कोणालाही यातून एक गोष्ट हाती लागते: दम लागतोय तो कमजोरीमुळेच असेल असं नाही, श्वास पाण्यात सोडला जात नसेल. जुन्या परिच्छेदातून असं काहीच हाती लागत नव्हतं. प्रसंग घातल्यामुळे लेखात फक्त ओलावा येतो, असं नवखे लेखक समजतात. चांगला प्रसंग माहितीही वाढवतो. नाहीतर त्याला जागा देण्यात अर्थ नाही.

पाचवी पायरी: लय

लयीचं काम प्रसंगाच्या नंतर करायचं, आधी नाही. आधी केलं तर नवी वाक्यं आली की सगळं पुन्हा करावं लागतं.

दोन गोष्टी मोजा. पहिली म्हणजे प्रत्येक वाक्यातले शब्द. जुन्या परिच्छेदाचे आकडे असे येतात: 12, 11, 14, 11, 11, 12. नव्याचे: 9, 20, 8, 2, 24, 6, 6, 11, 6. पहिल्या ओळीकडे नुसतं पाहिलं तरी रटाळपणा कुठून येतोय ते कळतं. सगळी वाक्यं एकाच मापाने कापलेली आहेत.

दुसरं मोजमाप मराठीत जास्त उपयोगी आहे. आपलं क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे प्रत्येक वाक्याचा शेवट कानावर ठळकपणे आदळतो. वाक्यांचे फक्त शेवटचे शब्द एकाखाली एक लिहा. जुन्या परिच्छेदात: आहे, असते, येते, आहे, लागते, आहे. सगळे वर्तमानकाळी, सगळे ‘ए’कारान्त, एकच ठेका. नव्यात: पडतोय, यायचं, कुठायत, नव्हतेच, चालायची, सावकाश, घ्यायचा, नाही, लागला. हा बदल शब्दकोश धुंडाळून आलेला नाही. घडलेलं सांगायला घेतलं की काळ बदलतात, नकार येतात, प्रश्न येतात, आणि शेवट आपोआप वेगळे होतात. म्हणूनही आधी प्रसंग, मग लय.

तरी काही ठिकाणी हाताने फिरवावं लागतंच. मराठीत त्याची साधनं भरपूर आहेत. सवयीची गोष्ट सांगताना ‘मी मोजत असे, मी वर येत असे’ यापेक्षा ‘मोजायचं, वर यायचं’ हे रूप वेगाने धावतं. दोन वाक्यं ‘आणि’ने जोडण्याऐवजी पहिल्या क्रियापदाचं ‘घालून’, ‘आल्यावर’, ‘मोजताना’ करता येतं. शब्दाला ‘च’ जोडला की जोर हवा तिथे पडतो. ‘बुडबुडे नव्हते’ आणि ‘बुडबुडे नव्हतेच’ यात फरक आहे. शब्दक्रमही मोकळा आहे. ‘श्वास पाण्यातच सोडायचा’ हे बरोबर आहे, पण ‘श्वास सोडायचा तो पाण्यातच’ म्हटलं की ‘पाण्यातच’ शेवटी येऊन लक्षात राहतं. हे सगळं एकाच परिच्छेदात वापरायची गरज नाही, जिथे वाचताना जीभ अडखळते तिथे वापरा.

वाक्याच्या सुरुवातीही तपासा. मात्र, तसेच, त्याचप्रमाणे, म्हणूनच, परिणामी. एकामागून एक वाक्यं अशा शब्दांनी उघडत असतील तर त्यातले बरेचसे सरळ काढून बघा. वाक्यांचा क्रम बरोबर असेल तर जोड न लावताही ती जुळतात. आणि क्रमच चुकला असेल तर ‘म्हणूनच’ लावून तो सुधारत नाही.

भाषेच्या रूपाबद्दल एक सावधगिरी. बाईंचा मूळ मसुदा ‘शिकणे, वाटते, केले’ अशा लेखी रूपात होता आणि नवा परिच्छेद ‘वाटायचं, पाहिलं, आलं’ असा बोली उच्चाराचा झाला. दोन्ही चालतात. पण एकाच निवेदनात ‘मला वाटलं’ आणि पुढच्या ओळीत ‘मी ठरविले’ असं झालं की शिवण दिसते, आणि लेख दोन जणांनी लिहिल्यासारखा वाटतो. तुम्ही घातलेला प्रसंग जिवंत आहे आणि आजूबाजूचा मजकूर कडक इस्त्रीचा, तर आजूबाजूचाही उतरवा. आम्ही अख्खा लेख एका रूपात आणला, त्याला प्रसंग लिहिण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

खोटी लय

लय ओबडधोबड असावी हे कळल्यावर लगेच होणारी चूक म्हणजे ठरवून केलेला ओबडधोबडपणा. लांब वाक्य, मग तुटक. लांब वाक्य, मग तुटक. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी ‘बस्स.’ किंवा ‘आणि मग शांतता.’ असा टोला. वाचणाऱ्याला दोन परिच्छेदांत हा ठेका सापडतो आणि तिसऱ्यात तो टोल्याची वाट बघायला लागतो.

छोटं वाक्य कुठे घालायचं याचं उत्तर शब्दांच्या मोजणीत मिळत नाही, मजकुरात मिळतं. ‘बुडबुडे नव्हतेच.’ हे दोन शब्दांचं वाक्य तिथे आहे कारण तिथे गोष्ट वळते: आतापर्यंत दम कमी आहे अशी समजूत होती, इथून ती मोडते. हेच दोन शब्द परिच्छेदाच्या शेवटी ठेवले असते तर नाट्य झालं असतं, आणि श्वास कसा सोडायचा हे सांगायला जागाच उरली नसती. लांब वाक्यालाही तसंच कारण आहे. चोवीस शब्दांचं वाक्य ‘दुहेरी कसरत’ सांगतं, आणि ते वाचताना थोडी दमछाक व्हावी, हे तिथे योग्यच आहे.

मोठ्याने वाचा. हा सल्ला सगळे देतात, पण ऐकायचं काय ते सांगत नाहीत. आपण लिहिलेलं वाचताना आवाज कुठे नाटकी होतो, तिकडे कान ठेवा. जिथे तुम्ही वाक्याआधी नकळत थांबता, आवाज खाली आणता, तिथे बहुधा खोटी लय आहे. मित्राला ही गोष्ट सांगताना तुम्ही तिथे असे थांबला असतात का?

लेखाचा एकूण आकार

परिच्छेदाची लय सुधारली आणि लेखाची तशीच राहिली, असंही होतं. बाईंच्या लेखात सहा उपशीर्षकं होती: निर्णय, साहित्य, भीती, श्वास, सराव, फायदे. प्रत्येकाखाली साधारण सारख्याच लांबीचा मजकूर. आयुष्यात मात्र या गोष्टींनी सारखी जागा घेतली नव्हती. साहित्य घ्यायला एक संध्याकाळ पुरली होती, श्वासाने कित्येक आठवडे घेतले. म्हणून साहित्याचं एक वाक्य झालं. ‘फायदे’ हे पूर्ण गेलं, कारण पोहण्याचे फायदे सांगायला त्यांची गरज नव्हती. श्वास आणि शिडी यांनी मिळून निम्म्याहून जास्त लेख व्यापला. जिथे तुमच्याकडे माल आहे तिथे रेंगाळा, जिथे नाही तिथून निघा. समतोल बिघडला तर बिघडू द्या.

जिथे हात लावायचा नाही

लेखात काही ओळी सपाटच हव्या असतात. बाईंच्या लेखात एक सूचना होती: नवशिक्यांनी खोल पाण्यात एकट्याने उतरू नये, जवळ जीवरक्षक किंवा प्रशिक्षक असावा. ती आम्ही जशीच्या तशी ठेवली. सुरक्षिततेची सूचना, औषधाचं प्रमाण, नियम, अर्जाचा मजकूर यांत आठवण आणि लय घुसवली की वाचणाऱ्याला नेमकं काय करायचं ते शोधावं लागतं.

आणि अनुभवच नसेल तर? तर तो रचू नका. पोहायला न शिकलेल्या माणसाने लिहिलेला ‘मी पाण्यात उतरलो तेव्हा’ हा परिच्छेद पोहणाऱ्याला चौथ्या ओळीत कळतो, कारण रचलेला तपशील नेहमी डोळ्यांना दिसणारा असतो: निळं पाणी, चमकणारं ऊन. प्रत्यक्ष उतरलेला माणूस नाकात गेलेल्या पाण्याबद्दल लिहितो. अनुभव नसेल तर दोन सरळ मार्ग आहेत. ज्याला आहे त्याला वरचे प्रश्न विचारा आणि त्याच्या संमतीने, त्याचा म्हणूनच लिहा. ओळख लपवायची असेल तर नाव आणि जागा गाळा, पण घटना बदलू नका. किंवा ‘समजा, एखादा माणूस...’ असं उघडपणे म्हणून काल्पनिक उदाहरण घ्या. ते काल्पनिक आहे हे माहीत असेल तर कोणाला फसवल्यासारखं वाटत नाही.

दुसऱ्यांच्या बाबतीतही हात आखडता ठेवा. तुमच्या प्रसंगात जो दुसरा माणूस येतो, त्याने लेखात यायला होकार दिलेला नसतो. प्रशिक्षकांचं नाव, तलावाचा पत्ता, शेजारच्या मुलीचं वर्णन यांतलं काहीही मुद्द्यासाठी लागत नव्हतं, म्हणून ते आलं नाही.

शेवटची तपासणी

लेख अशा एका माणसाला द्या ज्याला विषय माहीत नाही. ‘कसा वाटला?’ असं विचारू नका, ‘छान’ हेच उत्तर मिळेल. दुसऱ्या दिवशी विचारा, काय आठवतंय? उत्तरावरून पुढचं काम ठरतं. काहीच आठवत नसेल तर ‘को’ वाक्यं अजून शिल्लक आहेत, पुन्हा पहिल्या पायरीवर जा. ‘सराव करावा लागतो म्हणे’ असं मोघम काही आठवत असेल तर प्रसंग मुद्द्याला जोडला गेला नाही. शिडी धरून उभी असलेली बाई आठवते पण ती का धापा टाकत होती ते आठवत नाही, असं असेल तर प्रसंग मुद्द्यापेक्षा मोठा झाला आहे. त्यातला एखादा तपशील काढा आणि कारण सांगणारं वाक्य थोडं वर आणा.

बाईंच्या लेखाचं हे तिसऱ्या प्रकारचंच झालं होतं. वाचणारीला शिडी आठवली, बुडबुडे आठवले, पण श्वास नाकातून सोडायचा की तोंडातून, हे सांगता येईना. पाहिलं तर त्या मसुद्यात ‘नाकातून’ हा शब्दच राहून गेला होता.